कोहोर्ट सर्व्हायव्हल पद्धतीनं जिल्ह्याची वयरचना पुढे नेताना

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्याचे २००१ आणि २०११ च्या जनगणनेतले पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे आकडे माझ्याकडे आहेत. एसआरएसच्या, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीच्या, जीवनसारण्याही उतरवून घेतल्या आहेत. त्यावरून कोहोर्ट सर्व्हायव्हल पद्धतीनं, म्हणजे एकाच काळात जन्मलेल्यांचा गट जगण्याच्या प्रमाणानं पुढे नेत, पुढची वयरचना काढायची आहे. जगण्याचं प्रमाण काढताना lx घ्यायचं की Lx? शेवटच्या ८०+ गटाचं काय करायचं? आणि स्थलांतर काढलं की लहान वयोगटांत माणसं बाहेर जाण्याऐवजी आत येताना दिसतात, हे कुठे चुकतंय?

उत्तर:

Lx घ्या. ८०+ साठी Tx लागेल. तिसऱ्या प्रश्नातली चूक तुमच्या सूत्रात नसून जनगणनेच्या ०–४ या गटात आहे. या तिसऱ्या भागावरच तुमचं सगळं गणित उभं राहणार किंवा कोसळणार आहे, म्हणून पहिले दोन आधी उरकून घेतो.

२०११ मध्ये २०–२४ वयाच्या ज्या बायका मोजल्या गेल्या त्या सगळ्या नेमक्या विसाव्या वाढदिवशी उभ्या नव्हत्या. कुणी वीस वर्षं एक महिन्याची, कुणी चोवीस वर्षं अकरा महिन्यांची. lx हा आकडा जन्मलेल्या एक लाखांपैकी नेमक्या x वयाला पोचलेल्यांचा असतो, तर Lx हा त्या पाच वर्षांच्या पट्ट्यात जगलेल्या एकूण वर्षांचा, आणि Tx म्हणजे x पासून पुढच्या सगळ्या Lx ची बेरीज. जनगणनेचा वयोगट म्हणजेही पट्टाच, म्हणून पट्ट्याला पट्ट्यानंच गुणायचं:

```
S(x)    = L(x+5) / L(x)
S(75+)  = T(80) / T(75)
Births  = 5 * Σ f(x) * [W(x,t) + W(x,t+5)] / 2
```

यातली गंमत अशी की तरुण वयात lx वापरलंत तरी काही बिघडल्याचं दिसत नाही. मी उदाहरणासाठी एक गोल आकड्यांची स्त्रियांची सारणी धरतो. l20 = ९६,९००, l25 = ९६,४००, l30 = ९५,९००. lx वरून प्रमाण येतं ०.९९४८ आणि Lx वरूनही ०.९९४८. म्हणून लोक पहिल्या काही ओळी तपासतात आणि निर्धास्त होतात. आता त्याच सारणीत म्हातारपणाकडे या. l70 = ७०,०००, l75 = ५८,५००, l80 = ४४,०००. lx नं प्रमाण ०.८३५७ निघतं, Lx नं (L70 = ३,२१,२५० आणि L75 = २,५६,२५०) ०.७९७७. गटात ६,००० बायका असतील तर पाच वर्षांनी ५,०१४ की ४,७८६, असा सव्वादोनशेचा फरक. कारण उघड आहे. ७०–७४ मधली सरासरी बाई बहात्तरीच्या पुढे आहे आणि त्या वयात मृत्यूदर वर्षागणिक चढतो, पण lx तिला सत्तरीचीच समजतं. ही चूक दर पाच वर्षांनी साठत जाते आणि वृद्धांची संख्या फुगवते. हा हिशेब बहुतेक वेळा वृद्धांसाठीच मागितला जातो, तेव्हा ती तिथेच बोचते.

८०+ गट उघडा आहे, त्याला वरची कड नाही. पाच वर्षांनंतरच्या ८०+ मध्ये दोन प्रवाह येतात: आज ७५–७९ मध्ये असलेल्या आणि आजच ८०+ असलेल्या. दोघांची बेरीज करून T80/T75 नं गुणा. वरच्याच सारणीत T80 समजा ३,०८,००० आहे. T75 म्हणजे त्यात L75 मिळवून ५,६४,२५०. प्रमाण आलं ०.५४५९. ७५–७९ मध्ये ४,००० आणि ८०+ मध्ये ३,००० असतील, तर पुढच्या टप्प्यात ७,००० × ०.५४५९ = ३,८२१. एसआरएसची सारणी ८५+ वर संपते आणि जनगणनेचा सी-१४ तक्ता ८०+ वर, तेव्हा सारणीचे शेवटचे दोन आकडे मिळवून T80 करून घ्या. सी-१४ मध्ये तळाशी ‘वय न सांगितलेले’ अशी ओळ असते. ती सगळ्या गटांत त्यांच्या प्रमाणात वाटून टाका, नाहीतर तितकी माणसं पहिल्याच टप्प्यात गायब होतील.

एसआरएसची सारणी राज्याची आहे, रत्नागिरीची नाही, याची काळजी फार करू नका. पन्नाशीच्या आत जगण्याचं प्रमाण ०.९९ च्या आसपासच फिरतं, सारणी थोडी इकडेतिकडे झाली तरी तरुण गट शे-पन्नासानं हलेल. कोकणात स्थलांतर त्याच गटातून हजारो माणसं उचलून नेतं. सारणीच्या निवडीवर आठवडा घालवणारे आणि स्थलांतराचा आकडा संध्याकाळी घाईत ठोकून देणारे मी बरेच पाहिले आहेत.

आता जन्म. वरच्या सूत्रात f(x) म्हणजे त्या गटाचा वार्षिक जननदर आणि W म्हणजे बायकांची संख्या. हा भाग एकदा कागदावर केला की मग विसरत नाही, म्हणून एक काल्पनिक तालुका घेऊ. स्थलांतर तूर्त शून्य. सुरुवातीला १०–१४ वयाच्या ८,००० मुली आहेत, त्या पाच वर्षांनी १५–१९ मध्ये ७,९८४ होऊन येतात. बाकीच्या बायका तक्त्यात आहेत. प्रत्येक गटाचा पाच वर्षांनंतरचा आकडा त्याच्या वरच्या ओळीतल्या सुरुवातीच्या आकड्याला जगण्याच्या प्रमाणानं गुणून आला आहे, म्हणजे सगळे आकडे तिरके खाली सरकतात.

| वयोगट | सुरुवातीला | पाच वर्षांनी | वार्षिक जननदर (हजारी) | वर्षाला जन्म |
|---|---|---|---|---|
| १५–१९ | ७,५०० | ७,९८४ | २० | १५५ |
| २०–२४ | ७,००० | ७,४७८ | १४० | १,०१३ |
| २५–२९ | ६,८०० | ६,९६४ | १२० | ८२६ |
| ३०–३४ | ६,५०० | ६,७५९ | ४५ | २९८ |
| ३५–३९ | ६,३०० | ६,४५५ | १२ | ७७ |
| ४०–४४ | ५,८०० | ६,२४३ | ३ | १८ |

जननदरांची बेरीज ३४०. तिला पाचनं गुणून हजारानं भागलं की एकूण जननदर १.७. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा आकडा हाच आहे, म्हणून मी तो धरला. वयोगटांतली विभागणी मात्र माझी.

शेवटच्या रकान्यात सुरुवातीच्या आणि शेवटच्या बायकांची सरासरी घेऊन दरानं गुणलं आहे. २०–२४ मध्ये पाच वर्षांत सरासरी ७,२३९ बायका होत्या, त्यांना १४० हजारी दरानं वर्षाला १,०१३ मुलं झाली. सगळी बेरीज २,३८७. हे वर्षाचे जन्म आहेत. पाच वर्षांचे ११,९३५. पाचनं गुणायचं विसरणं ही नवख्यांची नेहमीची चूक, पण ती लपत नाही: पिरॅमिडचा पायाच उडतो.

मुलगे आणि मुली वेगळे करताना जन्मावेळचं लिंगगुणोत्तर लागतं. इथे २०११ च्या जनगणनेतलं ०–६ वयोगटाचं गुणोत्तर (महाराष्ट्रात ८९४) उचलू नका. त्या आकड्यात सात वर्षांतले मृत्यू, मोजणीतली गळती आणि कुटुंबांचं स्थलांतर सगळं मिसळलेलं आहे. पुढे जगण्याचं प्रमाण लावणारच आहात, म्हणजे मृत्यू दोनदा धरले जातील. एसआरएसचं जन्मावेळचं गुणोत्तर तीन वर्षांच्या सरासरीनं येतं, ते घ्या. इथे सोयीसाठी हजार मुलग्यांमागे ९०० मुली धरल्या, तर ११,९३५ पैकी मुली ५,६५३. त्यांना पहिल्या पट्ट्याचं प्रमाण लावायचं, म्हणजे L0-4 भागिले पाच लाख. आपल्या सारणीत ते ०.९७८६ आहे, म्हणून पाच वर्षांनंतरच्या ०–४ गटात ५,५३२ मुली.

जिल्ह्याचे वयोगटनिहाय जननदर एसआरएस देत नाही. मग बरेच जण जन्मनोंदणीकडे वळतात. तिथे सांभाळा. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो, आई राहते तिथे नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि अडलेली केस जिल्ह्याच्या रुग्णालयात. मुंबईत संसार करणारी मुलगी राजापुरात बाळंत होते आणि राजापूरची आकडेवारी एका जन्मानं वाढते, ते बाळ मात्र चार महिन्यांत लोकलच्या गर्दीत. मी राज्याच्या दरांचा आकार तसाच ठेवतो आणि त्याची पातळी जिल्ह्यातल्या ०–४ मुलांचं १५–४९ बायकांशी असलेलं प्रमाण राज्याच्या त्याच प्रमाणाशी ताडून वरखाली करतो. जिल्हा आणि राज्य दोन्हींत ०–४ ची मोजणी साधारण सारखीच तुटकी असते, त्यामुळे तुलनेत ती चूक बरीचशी कटते. हे ‘तुटकी’ प्रकरण आता पाहू.

रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. दहा वर्षांत जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच झाले असणार, तरी लोकसंख्या घटली. म्हणजे ही घट आणि वर जन्मांनी जी भर पडली ती, दोन्ही मिळून माणसं बाहेर गेली. २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ बायका, यावरून कोण गेलं तेही कळतं. (जनगणना फेब्रुवारीत झाली हे बरं. गणपतीत झाली असती तर जिल्हा भरलेला दिसला असता.)

वयानुसार कोण गेलं ते काढायची नेहमीची रीत म्हणजे बाकी काढणं. २००१ चा गट घ्या, दहा वर्षांच्या जगण्याच्या प्रमाणानं पुढे आणा आणि २०११ मध्ये दहा वर्षांनी मोठ्या झालेल्या त्याच गटाशी ताडून पाहा. फरक म्हणजे निव्वळ स्थलांतर. तुम्ही हेच केलंत आणि लहान गटांत आवक दिसली. आकडे धरून बघू. समजा एखाद्या तालुक्यात २००१ मध्ये ०–४ ची ९,००० मुलं होती आणि २०११ मध्ये १०–१४ ची ९,४०० निघाली. जीवनसारणीतून दहा वर्षांचं प्रमाण ०.९८५ आलं, तर अपेक्षित ८,८६५. बाकी अधिक ५३५. सूत्र म्हणतं की गावं ओस पडत असताना पाचशेवर मुलं या तालुक्यात राहायला आली.

आता हाच हिशेब अख्ख्या भारताचा करून पाहा. २००१ च्या जनगणनेत ०–४ वयाची मुलं होती सुमारे ११.०४ कोटी. दहा वर्षांनी हीच मुलं १०–१४ मध्ये यायला हवीत, मधल्या काळातले मृत्यू वजा होऊन. प्रत्यक्षात २०११ मध्ये १०–१४ ची मुलं मोजली गेली १३.२७ कोटी. सव्वादोन कोटी मुलं कुठून आली? परदेशातून तर नक्कीच नाही. ती २००१ मध्ये होतीच. काही मोजायची राहिली. तान्ही मुलं प्रगणकाला सांगायची राहून जातात, बाळंतपणाला गेलेल्या आईबरोबरची दोन्ही घरांतून सुटतात. काहींचं वय वाढवून सांगितलं गेलं आणि चार वर्षांचं मूल पाचचं झालं. शिवाय २०११ च्या बाजूला दहा आणि बारा ही वयं लोकांच्या तोंडी बसलेली, म्हणून नऊचं मूलही दहाचं सांगितलं जातं आणि १०–१४ गट फुगतो.

तेव्हा तुमच्या बाकीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, स्थलांतर आणि मोजणीची चूक. बाकी काढण्याच्या कुठल्याही रीतीत हे होतंच, जे काही समजावता येत नाही ते सगळं त्या एका आकड्यात जाऊन बसतं. सोडवायचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे जीवनसारणीऐवजी जनगणनेतूनच प्रमाण काढणं. भारत हा स्थलांतराच्या दृष्टीनं जवळपास बंद डबा आहे, म्हणून २०११ चे १०–१४ भागिले २००१ चे ०–४ हे देशाचं प्रमाण घ्यायचं: १३.२७ भागिले ११.०४, म्हणजे १.२०. जगण्याचं प्रमाण एकापेक्षा जास्त असं कसं, म्हणून दचकू नका. यात मृत्यूही आहेत आणि मोजणीची चूकही, आणि दुसरी पहिलीला पुरून उरली आहे. आपल्या तालुक्याला ते लावलं तर अपेक्षित १०,८०० आणि प्रत्यक्ष ९,४००. बाकी उणे १,४००, म्हणजे तेरा टक्के मुलं बाहेर गेली. आधीच्या अधिक ५३५ च्या जागी. चिन्हच उलटलं.

आता इथे थोडा विवेक वापरावा लागतो. देशाचं प्रमाण वापरताना आपण गृहीत धरतो की रत्नागिरीत ०–४ ची मुलं जितकी सुटली तितकीच बिहारमध्येही सुटली. तसं नसणार. साक्षरता जास्त असलेल्या भागात वयं अधिक नीट सांगितली जातात, म्हणून १.२० हे कोकणासाठी जास्तच असावं आणि उणे १,४०० हाही थोडा फुगलेला आकडा असावा. अधिक ५३५ आणि उणे १,४०० ही मी दोन टोकं समजतो, आणि कोकणातल्या तालुक्यासाठी खालच्या टोकाच्या जवळ राहतो. महाराष्ट्राचं प्रमाण काढून ते लावायचा मोह होईल, पण राज्य बंद डबा नाही. उत्तरेतून येणारी माणसं त्या प्रमाणात शिरतील.

मोठ्या वयांतही ही सरमिसळ ओळखता येते. स्थलांतराच्या दरांचा वयानुसार आलेख काढा, पुरुषांचा आणि बायकांचा एकाच कागदावर. खरं स्थलांतर सलग वळणं घेत जातं. पुरुष विशीत बाहेर पडतात, बायका लग्नामुळे थोड्या आधी, आणि दोघांच्या रेषा एकमेकींसारख्या नसतात. दर गटाला रेषा वर-खाली उसळत असेल, आणि दोन्ही रेषा एकाच जागी उसळत असतील, तर ते वयाचं गोलीकरण आहे. तिशी, पस्तिशी, चाळिशी सांगायची सवय दोघांना सारखीच. अशा वेळी शेजारचे दोन-दोन गट मिळवून दहा वर्षांचे करा, दर काढा आणि मग पुन्हा वाटा. पंचावन्न ते चौसष्टच्या पुरुषांत आवक दिसली आणि बायकांत तितकी नसली, तर ती खरी मानायला हरकत नाही, मुंबईतली नोकरी संपवून चाकरमानी गावी येतात. पण पंचाहत्तरीच्या पुढे दोघांतही आवक दिसली तर म्हाताऱ्यांनी वय वाढवून सांगितलंय किंवा तुमची सारणी त्यांना जरा जास्तच मारतेय, असं समजा.

दर निघाल्यावर ते पाच वर्षांच्या टप्प्यात बसवायचे आहेत. बाकी दहा वर्षांची आहे, टप्पा पाचाचा. समजा २००१ मध्ये १०–१४ चे मुलगे पुढे आणल्यावर २०११ मध्ये २०–२४ मध्ये ९,८५० अपेक्षित होते आणि ७,४०० सापडले. उरले ७५ टक्के. निम्मे करून प्रत्येक टप्प्यात साडेबारा टक्के लावणं चूक, कारण दुसऱ्या टप्प्यात गट आधीच लहान झालेला असतो. वर्गमूळ घ्या: ०.७५१३ चं वर्गमूळ ०.८६६८, म्हणजे दर टप्प्याला १३.३ टक्के. गणितानं हे बरोबर आहे, पण वागणुकीनं नाही. कोकणातला मुलगा बारावीपर्यंत गावात असतो आणि त्यानंतर जातो. १५–१९ मध्ये पोचताना १३ टक्के आणि २०–२४ मध्ये पोचतानाही १३ टक्के गेले, असं धरलं तर तुमच्या हिशेबात अकरावी-बारावीचे वर्ग प्रत्यक्षापेक्षा रिकामे होतील. शेजारच्या गटाची बाकी इथे मदतीला येते. २००१ मध्ये ५–९ चे असलेले मुलगे २०११ मध्ये १५–१९ मध्ये आहेत. त्यांच्यातले किती गेले हे पाहिलं की १५–१९ पर्यंतची गळती वेगळी कळते, आणि उरलेली २०–२४ च्या टप्प्यात टाकता येते.

स्थलांतर कुठे घालायचं हेही जन्मांशी जोडलेलं आहे. मुलगे-मुली वर्षभर जात असतात, म्हणून गेलेल्या बायका टप्प्याच्या शेवटच्या आकड्यातून वजा करा आणि मग जन्मांसाठी सरासरी घ्या, म्हणजे निम्म्या काळाचा परिणाम आपोआप येतो. वरच्या तक्त्यात २०–२४ च्या ७,४७८ पैकी दहा टक्के गेल्या तर ६,७३० उरतात. सरासरी ७,२३९ वरून ६,८६५ वर येते आणि वर्षाला जन्म ५२ नं कमी होतात, पाच वर्षांत २६२. ही फक्त एका गटाची गोष्ट. जन्म आधी काढून स्थलांतर शेवटी वजा करणारे, गेलेल्या बायकांची मुलं गावातच ठेवतात.

दर लावताना दिशेचं भान ठेवा. माणसं बाहेर जाणाऱ्या जिल्ह्यात दर लावणं ठीक आहे, गट लहान झाला की जाणारेही कमी होतात. माणसं आत येणाऱ्या जिल्ह्यात तेच केलं तर आकडे पिसाटतात. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला. तिथल्या आवकेला ठाण्याच्या लोकसंख्येचा दर म्हणून पुढे नेलंत, तर जितकी लोकसंख्या जास्त तितके आणखी येणारे, असं चक्र सुरू होतं. येणारे ठाण्याच्या लोकसंख्येतून येत नाहीत, बाहेरून येतात. तिथे आकडाच ठरवून द्यावा, टक्केवारी नको. (आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला, तेव्हा ठाण्याचे जुने आकडे तालुके मोजून पुन्हा जुळवावे लागतात. रत्नागिरीत तुमचा हा त्रास वाचला.)

बाहेर जाण्याचा दर २०३१ पर्यंत तसाच राहील का? माझ्या मते लहान मुलांचा आणि तरुणांचा दर किमान दोन तऱ्हांनी चालवून पाहावा, एकदा जसाच्या तसा आणि एकदा हळूहळू निम्म्यावर आणून. जननदराच्या तीन-तीन शक्यता मांडून स्थलांतर मात्र एकच ठेवलेले अहवाल मला कोकणासाठी निरुपयोगी वाटतात. जननदर १.७ चा १.५ केला तर फक्त पिरॅमिडचा पाया हलतो. स्थलांतराचा दर हलवला तर विशी-तिशीचे गट हलतात, त्यांच्यामागून जन्म, आणि वृद्धांचं एकूण लोकसंख्येतलं प्रमाणसुद्धा.

आता एक गोष्ट पुढे नेण्याच्या मूळ आकड्यांची. स्थलांतर जनगणनेच्या प्रमाणानं काढलंत आणि पुढे नेताना २०११ च्या आकड्यांना जीवनसारणी लावलीत, तर २०११ मधला तुटका ०–४ गट तसाच पुढे जाईल. तो तेव्हाही तुटका होता: देशात ०–४ ची मुलं ११.२८ कोटी आणि ५–९ ची १२.६९ कोटी. या घटीत जननदर उतरल्याचा भाग खरा आहे, पण सगळी घट त्याची नाही. २०११ चा हा गट २०२६ मध्ये १५–१९ मध्ये असेल, आणि तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयाच्या जागा त्यावरून काढणार. म्हणून पहिल्या टप्प्याआधी ०–४ गट नव्यानं बांधा. २००६ ते २०११ या पाच वर्षांचे जन्म, त्या काळातले दर आणि बायकांची सरासरी घेऊन, वर दाखवल्या तसेच काढा आणि ०–४ पर्यंत आणा. मग तेवढ्याच प्रमाणात बाहेर गेलेल्या कुटुंबांची मुलं वजा करा. नवा आकडा मोजलेल्यापेक्षा पाच-दहा टक्क्यांनी जास्त निघाला तर नवल नाही. पंचवीस टक्क्यांनी जास्त निघाला तर जननदर तपासा.

तारखांचं पथ्य पाळा. २०११ च्या जनगणनेचा संदर्भ १ मार्चचा आहे, त्यामुळे तुमचे टप्पे १ मार्च २०१६, २०२१ आणि २०२६ ला पडतात. शाळेचा पट जूनचा असतो आणि एसआरएसचे दर कॅलेंडर वर्षाचे. तीन-चार महिन्यांचा फरक जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येत दिसत नाही, पहिलीच्या पटात दिसतो.

केंद्राच्या तज्ज्ञगटाचे २०११ ते २०३६ चे राज्यवार अंदाज उपलब्ध आहेत. सगळे जिल्हे करत असाल तर प्रत्येक वयोगटात जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळवून घ्या. एकटा रत्नागिरी करत असाल तर तसं जुळवता येणार नाही. आणि हीच रीत गावापर्यंत नेऊ नका. दोनशे उंबऱ्यांच्या वाडीत २०–२४ चे सात मुलगे असतात. त्यातले दोन गेले की राहिले, हे कुठलंही प्रमाण सांगू शकत नाही.

तुमचा अंदाज खरा ठरतो का ते पाहायची संधी जवळ आहे. नव्या जनगणनेचा संदर्भ दिनांक देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ ठरला आहे, म्हणजे २०११ पासून सोळा वर्षं. पाचाच्या टप्प्यात ते बसत नाही. तेव्हा २०२६ आणि २०३१ दोन्ही काढा आणि प्रत्येक वयोगटासाठी मधला आकडा गुणोत्तरानं घ्या:

```
P(2027) = P(2026)^0.8 * P(2031)^0.2
```

इथे वयोगट त्याच वयोगटाशी जोडायचा, २०–२४ शी २०–२४, कोहोर्टबरोबर तिरकं जायचं नाही. नवे आकडे आले की एकूण बेरीज आधी पाहू नका, कारण ती दोन चुका एकमेकींना खाऊनही जुळते. आधी १५–१९ आणि २०–२४ चे मुलगे पाहा. ही २०११ मध्ये जवळजवळ सगळी ०–४ आणि ५–९ मध्ये होती, म्हणजे मूळ आकड्यांची दुरुस्ती आणि स्थलांतराचा दर दोन्हींची परीक्षा याच गटांत होते. १५–१९ चुकला आणि २०–२४ बरोबर आला, तर ०–४ ची दुरुस्ती कमी-जास्त झाली. दोन्ही एकाच बाजूला चुकले, तर स्थलांतराचा दर बदलला आहे आणि पुढचा हिशेब २०२७ च्या बाकीवरून नव्यानं मांडावा लागेल.